व्याह्याच्या दारातलं माप

माझा स्वभाव संशयी आहे हे मी कधी लपवलं नाही. दूधवाल्याने दूध ओतताना हात तिरका धरला तरी मला झोप येत नाही. असला माणूस कामशेतजवळच्या एका भात-उत्पादक सोसायटीत चिटणीस म्हणून कसा टिकला, असं मला पुष्कळांनी विचारलं. खरं म्हणजे तिथे असलाच माणूस टिकतो. त्या कमिटीत एकमेकांवर संशय न घेणारा एकही सभासद नव्हता आणि माझ्यावर तर सगळ्यांचाच होता, कारण मी पुण्याचा.

रेल्वेवर विजेची इंजिनं येऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. सोसायटीची भाताची गिरणी होती. सभासद आपापलं भात आणत, भरडून आणि सडून तांदूळ घेऊन जात. गिरणीचं तेलाचं इंजिन धडधाकट होतं, पण त्याच्यावर चालणारं तांदळाचं यंत्र पार म्हातारं झालेलं. निम्मा तांदूळ मोडायचा, उरलेल्यात भाताचे दाणे तसेच राहायचे. नवं यंत्र घ्यायचं तर कर्ज हवं होतं आणि कर्ज देणारी जिल्ह्याची बँक फार चिकित्सक. तिने कळवलं की, नुसता ठराव चालणार नाही. कमिटीपुढे रीतसर टिपण ठेवा, त्यात गरज काय, पर्याय कोणकोणते, प्रत्येकाचा खर्च किती, कोणता का नाकारला आणि कोणता का घ्यावा हे सगळं लिहा, आणि कमिटीने ते वाचून मंजूर केल्याची नोंद पाठवा. ते टिपण लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

पर्याय चार निघाले. जुनं यंत्र दुरुस्त करणं हा पहिला. नवा लोखंडी हलर, म्हणजे टरफल काढणं आणि सडणं एकदमच करणारं यंत्र, घेणं हा दुसरा. तो स्वस्त, साधा, कुणालाही चालवता येईल असा. तिसरा म्हणजे दगडी चकत्यांचं यंत्र, ज्यात आधी टरफल निघतं आणि मग तांदूळ वेगळा सडला जातो. किंमत हलरच्या तिप्पट. चौथा पर्याय गिरणीच बंद करून सभासदांनी व्यापाऱ्यांच्या गिरणीत जावं हा. तो कुणालाच नको होता, पण बँकेला तोही लिहून हवा होता. दुरुस्तीचा पर्याय गिरणीच्या मिस्त्रीनेच निकालात काढला. म्हणजे खरा सामना हलर आणि दगडी यंत्र यांच्यात होता.

नुसत्या विक्रेत्याच्या शब्दावर मी कसला विसंबतोय! मी सुचवलं की आपल्याच गोदामातलं आपलंच आंबेमोहर भात दोन्ही यंत्रांवर चालवून पाहू. दगडी यंत्र विक्रेत्याकडे पुण्याला उभं होतं. हलर सगळ्यात जवळ होता तो सोमाटण्याला एका गिरणीत. भात घेऊन जायला आमचे उपाध्यक्ष तयार झाले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मावळातला जुना शेतकरी, उंच, कमी बोलणारा, बोलला तर जमिनीकडे बघून बोलणारा. सोमाटण्याची ती गिरणी भाऊंच्या व्याह्याची होती. त्यांची एकुलती एक लेक दोन वर्षांपूर्वी तिथे दिलेली. मला ते खटकलं, पण मी म्हटलं, एकाच ढिगातलं भात, सोसायटीचीच पायली, मोजणारा माणूसही एकच. यात फसवायला जागा कुठे आहे?

मार्गशीर्षात दोन्ही चाचण्या झाल्या. तांदूळ पोत्यात भरून, तोंडं शिवून गोदामात परत आला आणि भाऊंनी मला पायल्यांचे आकडे सांगितले. पुण्याच्या दगडी यंत्राचा तांदूळ सोमाटण्याच्या हलरपेक्षा चांगलाच जास्त भरला होता. बँकेला आकडे वजनात हवे होते. मी एका पायलीचं वजन करून घेतलं, सगळ्या पायल्यांना तेच लावलं आणि शिफारस लिहिली की, किंमत तिप्पट असली तरी जास्तीच्या तांदळातून ती निघून येईल, सबब दगडी यंत्र घ्यावं. अध्यक्षांनी टिपण वाचून मान डोलावली. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचा आंबेमोहर पुण्याच्या पेठेत जायचा; अखंड, न मोडलेला दाणा ही त्यांची अब्रू होती. टिपणाच्या नकला नोटिशीबरोबर सभासदांना गेल्या.

आणि मग माझं डोकं उशिरा चालू लागलं. भाऊ पुण्याहून परतले तेव्हा त्यांच्या अंगावर नवा कोट होता. मी या माणसाला आजवर कोटात पाहिलेलं नव्हतं. विक्रेत्याने त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं, जेवूखाऊ घातलं हेही कानावर आलं. मी स्वतःशी म्हटलं, अरे गाढवा, चाचणी तू सुचवलीस आणि आकडे कुणाच्या तोंडून घेतलेस?

कमिटीतले एक सभासद लोणावळ्याचे होते, रेल्वेच्या शेडमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. यंत्राबद्दल आपल्यालाच कळतं अशी त्यांची खात्री होती, आणि ती बरीचशी खरीही होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "चिटणीस, हलर मी पाहिलाय. दाणा मोडेल, मान्य. पण मोडलेला तांदूळ कुठे उडून जातो का? कणी होऊन तिथेच पडणार ना? एवढा तांदूळ कमी भरलाच कसा?"

मला फार राग आला, आणि तो फोरमनांवर नव्हता.

तेवढ्यात संक्रांत आली. टिपणाची नक्कल सोमाटण्याला कुणी पोचवली देव जाणे, पण पोचली. व्याह्याच्या गिरणीत भात आणणारे विचारू लागले, तुमच्या यंत्रात तांदूळ कमी भरतो असं सोसायटीने छापलंय म्हणे? व्याही संतापला. आपल्याच सोयऱ्याने आपल्या दारात येऊन, आपलं यंत्र फुकट वापरून, आपल्यालाच बदनाम केलं! लेकीला आणायला भाऊंनी मुराळी धाडला, तो एकटाच परत आला. सुनेला धाडायचं नाही, असा निरोप होता. भाऊ त्या दिवशी सोसायटीच्या पायरीवर बराच वेळ बसून होते. मी आतून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, कमिशन खाल्लं की असं बाधतं.

पण हिशेब जुळेना. कमिशन खाणारा माणूस स्वतःच्या लेकीचं घर पेटवील का? आणि व्याह्याला सांभाळायचं असतं तर हलरचे आकडे फुगवून सांगितले असते. ज्याच्यावर संशय घ्यावा त्याच्याच सोयीचं काही निघत नव्हतं, आणि माझ्यासारख्याला यापेक्षा मोठा छळ नाही. शेवटी मी गोदामात गेलो, गड्याला बोलावलं आणि दोन्ही ठिकाणचा तांदूळ प्रत्यक्ष काट्यावर चढवला.

वजन जवळजवळ सारखं भरलं. सोमाटण्याच्या तांदळात कणी थोडी जास्त होती, एवढाच फरक.

मी पोत्यांची शिवण तपासली, जशीच्या तशी. पायली तपासली, तीही तीच. मग तडक भाऊंच्या खळ्यावर गेलो आणि काही आडवळण न घेता विचारलं, "भाऊ, सोमाटण्याला तांदूळ मोजला कसा?"

"जसा मोजत्यात तसा. पायलीनं."

"पुण्याला?"

"तितंबी पायलीनंच की."

"शीग लावून की सपाट?"

भाऊंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पायलीच्या काठावर तांदळाची जी टेकडी उभी राहते ती शीग. तांदूळ मोजताना आमच्याकडे ती हाताने पाडतात आणि माप सपाट करतात. हे पोरासोरांनाही ठाऊक, म्हणून विचारायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"पुण्याला सपाट," ते म्हणाले. "दुकानदाराच्या दारात आनि काय?"

"आणि सोमाटण्याला?"

"चिटणीस, व्याह्याच्या दारात माप कापायचं म्हंता? लेक दिलीया तितं. सगळं गाव बघत हुतं. शीग पाडली असती तर म्हनाले असते, सोयरा दाण्याला दाणा लावून मोजतोय. मी शिगंनंच मोजला."

शिगेच्या पायलीत तांदूळ जास्त मावतो, म्हणून पायल्या कमी भरल्या. मी त्या सगळ्यांना सपाट पायलीचं वजन लावलं. व्याह्याचा मान राखायला म्हणून केलेल्या गोष्टीनेच व्याह्याचं यंत्र टिपणात नापास झालं होतं. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, मला कळेना.

"मग आकडे सांगताना बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई."

"आणि तो कोट?" माझ्याच्याने राहवेना.

"जावयाचा हाय. पुण्यात थंडी म्हनून पोरीनं दिलता. माघारी द्यायचा ऱ्हायलाय." मग म्हणाले, "आता कसा देऊ?"

मी टिपण नव्याने लिहिलं. तांदूळ दोन्हींचा सारखा, हलरमध्ये कणी थोडी जास्त, किंमत एक तृतीयांश. या आकड्यांवर दगडी यंत्राची शिफारस उभी राहत नव्हती, म्हणून मी ती बदलली आणि बदलण्याचं कारणही लिहिलं. मला वाटलं, खरं सांगितलं की वातावरण निवळेल. इतकी वर्षं संशय घेऊनही मी अजून भोळाच होतो.

सभेत आबांनी दोन्ही टिपणं शेजारी शेजारी ठेवली. "पयल्यात एक, दुसऱ्यात भलतंच. मदल्या काळात काय घडलं? तर व्याही रुसला. आनि लगेच व्याह्याचं यंत्र चांगलं झालं!"

मी शिगेचं सांगितलं, मग काट्याचं सांगितलं. त्यावर कमिटीत जो हशा पिकला तो माझ्या कानात अजून आहे. पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या काट्यांनी या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या चावलेलं होतं. काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. डोळ्यांदेखत भरलेली पायली, तेवढी खरी. "काटा तुमी धरला, बघितला तुमीच," आबा म्हणाले. "तुमालाबी सोमाट्न्याचा च्या गोड लागला का काय?"

मी तापलो. काय बोललो ते आज आठवत नाही आणि आठवायचंही नाही. फोरमनांनी मध्ये पडून मला बसवलं आणि तोडगा काढला, की चाचणी पुन्हा घ्यावी, सोमाटण्यालाच, सगळ्या कमिटीसमोर. आबा कबूल झाले, पण एका अटीवर. ज्याच्या हाताने पहिलं माप झालं त्याच्याच हातानं आताही व्हायचं, आणि ते सपाट. तांदूळ पुण्याच्या पायल्यांइतका भरला तर ठीक, कमी भरला तर भाऊंनी उपाध्यक्षपद सोडायचं. आकडे खोटे ठरले तर सगळ्या मावळात भाऊ विकला गेलेला माणूस म्हणून फिरणार, आणि खरे ठरवायचे तर व्याह्याच्या दारात, गावादेखत, शीग पाडायची. आबांना हे नीट ठाऊक होतं. भाऊ नुसतं "व्हय" म्हणाले.

माघातल्या एका सकाळी आम्ही तळेगावापर्यंत गाडीने आणि पुढे बैलगाडीतून सोमाटण्याला गेलो. व्याही ओट्यावर बसले होते. उठले नाहीत, या म्हणाले नाहीत, गिरणीकडे हात केला इतकंच. भाताची पहिल्याइतकीच पोती आबांनी स्वतः गोदामातून निवडून आणली होती आणि वाटेत त्यांच्यावरच बसून आले होते. इंजिन सुरू झालं, हलरमधून तांदूळ पडू लागला, टरफलं आणि कोंडा एकत्रच दुसरीकडे. फोरमन यंत्राला कान लावून उभे. मी आबांकडे बघत होतो, आबा माझ्याकडे. गावातले रिकामे लोक फाटकाशी जमले होते.

कमिटीत नाणे मावळातल्या डोंगरवाडीचा एक सभासद होता, महादेव कोळी जमातीतला. सभांमधून फारसं बोलायचा नाही. त्याने सुपात थोडा तांदूळ घेतला, पाखडला आणि कणी तळहातावर घेऊन म्हणाला, "ह्याच्यापायी येवढं भांडान?"

"कणी म्हंजी नुकसानच की," आबा म्हणाले.

"तुमचं, आबा. तुमी इकता. आमी भात घरातच खातो, आनि कणीची भाकर तर रोजच. आमच्या वाडीला कणी गेली कुटं न्हाई, चुलीवरच येती. तिप्पट पैसं घालून आमी आख्खा दाना कुनासाठी करायचा?"

माझ्या दोन्ही टिपणांत कणी तोट्याच्या बाजूला होती. पण बहुतेक सभासद त्याच्यासारखे, घरचं भात घरीच खाणारे. पेठेत तांदूळ धाडणारे आबांसारखे मोजकेच. मी ते लगेच टिपून घेतलं.

तांदळाचा ढीग अंगणात पांढऱ्या फडक्यावर टाकला गेला. भाऊ त्याच्यासमोर मांडी घालून बसले. सोसायटीची पायली आबांनी उलटीसुलटी करून पाहिली, बूड ठोकलं आणि त्यांच्यापुढे ठेवली. भाऊंनी ओंजळी घालून ती भरली. शीग चढली. त्यांनी पंजा उचलला, काठापाशी नेला, आणि तो तिथेच थांबला.

व्याही ओट्यावरून बघत होते.

"पाडा की शीग," आबा म्हणाले.

भाऊंनी ओट्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी आबांचा इतका तिटकारा आला की मी उठून पायली उलथीच करणार होतो.

घरातून चहाचं तबक घेऊन भाऊंची लेक आली. डोक्यावर पदर, नजर खाली, अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिने तबक ओट्याच्या कडेला ठेवलं. सासऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग अंगणात उतरली, बापाच्या शेजारी फडक्यावर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आण्णा, सरा."

"तू कशाला," भाऊ म्हणाले.

"सरा म्हन्ते ना." तिने त्यांच्या हाताखालून पायली आपल्याकडे ओढली आणि पंज्याने एका फटक्यात शीग पाडली. "लाभ," ती म्हणाली, पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात तसं, आणि पायली रिती केली.

आबा उसळले. "असं न्हाई ठरलं! मोजणार भाऊ, त्यांची पोर न्हवं. बापाच्या बाजूनंच मोजनार ती!"

व्याही त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. ओट्यावरून उठले आणि पायरीवर येऊन उभे राहिले. "तांदूळ आमच्या यंत्राचा, दार आमचं, आनि ती आमच्या घरची सून हाय. आमच्या दारात आमचीच शीग तिनं पाडली, तर दुसऱ्यानं का बोलावं? तुमच्या डोळ्याम्होरंच मोजतीया. जवळ बसा आनि बघा."

आबा खरंच जवळ जाऊन बसले. ती मोजत राहिली. एखादी शीग जरा उंच चढली तर ती आणखी सपाट करी, काठाला अडकलेला दाणाही बोटाने खाली ढकली. दोन, तीन, चार असा तिचा आवाज पुढे जात होता आणि मी माझ्या कागदावर रेघा ओढत होतो, फोरमन त्यांच्या. बापाचं नाव त्या पायल्यांवर टांगलेलं आहे हे तिला ठाऊक होतं. तरी तिने एकाही पायलीला दाण्याचीसुद्धा सूट दिली नाही. भाऊ तिच्या हाताकडे बघत होते.

शेवटची पायली रिती झाली. तांदूळ पुण्याइतकाच भरला होता. आबांनी माझ्या रेघा मोजल्या, फोरमनांच्या मोजल्या, मग फडकं झटकून पाहिलं. आणि त्यांनी चहा मागितला. त्यांच्याकडून एवढंच मिळणार होतं, पण ते पुरेसं होतं.

दुपारी कामशेतला सभा भरली. मी कोळी सभासदाचं म्हणणं टिपणात घातलं आणि हलर घेण्याची शिफारस ठेवली. व्याह्यांच्या गिरणीत तसंच यंत्र असल्याने भाऊंनी मत देऊ नये, असं मीच सुचवलं. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. आबांनी विरोध नोंदवायला लावला, आपल्या शब्दांत, दोनदा वाचून घेऊन. बाकी सगळ्यांनी हात वर केले. बँकेने ते टिपण एकही प्रश्न न विचारता मान्य केलं, तेव्हा मला बँकेचाही थोडा संशय आला.

सभा आटोपल्यावर मी भाऊंना निकाल सांगायला बाहेर गेलो. ते आणि मी गावाकडच्या रस्त्याने थोडे चाललो. कोट त्यांनी सकाळी लेकीच्या हाती दिला होता आणि ते थंडीत नुसत्या सदऱ्यावर होते. मी म्हटलं, "भाऊ, सुटलात. नाव राहिलं, व्याहीही निवळला. आता जत्रेला येईल पोर."

"यील," ते म्हणाले. "पावनी यील."

मला त्यांच्या आवाजाचा अर्थ लागला नाही. मी म्हटलं, "आज तिनेच वाचवलं की तुम्हाला."

"मापात तिनं कुनाची भीड धरली न्हाई, बगितलं का? माजीबी न्हाई. तितल्या मानसासारखं मोजलं." ते थांबले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "लगीन दोन वर्सांमागं लावलं, चिटणीस. पोर दिली ती आज."